गृहभेटीच्या अहवालात घरचं किती लिहायचं? (सहावीतली मुलगी, बुधवारची गैरहजेरी)

चिंचबन
नाशिकमध्ये मखमलाबादच्या बाजूला एका शाळेत सहावीला शिकवते. वर्गातल्या एका मुलीची हजेरी घसरली म्हणून मुख्याध्यापकांनी गृहभेट करून अहवाल आणि कृती आराखडा मागितला आहे. भेट झाली. अहवाल लिहायला बसले आणि अडले. (मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी हजेरी. जुलै ते सप्टेंबर ६८ दिवस शाळा भरली, त्यात ती २४ दिवस नव्हती. नुसती टक्केवारी काढली तर ६५ येते आणि तिथेच 'अनियमित' असा शिक्का बसतो. मी हजेरीपत्रकावर वारांप्रमाणे खुणा केल्या, तेव्हा चित्र निराळंच दिसलं. बारा बुधवारांपैकी अकरा बुधवार गैरहजर. उरलेल्या तेरांपैकी नऊ दिवस सप्टेंबरमध्ये, दोन सलग टप्प्यांत. बाकीचे चार इकडे तिकडे, ताप-सर्दीचे.

बुधवार म्हटल्यावर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. आई गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारच्या बाजारात बसते. आदल्या संध्याकाळी मार्केट यार्डातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेते आणि पहाटे निघते. घरी दीड वर्षाचा भाऊ आहे, त्याच्याजवळ ही थांबते. सप्टेंबरचे दोन टप्पे म्हणजे गिरणाऱ्याकडची टोमॅटो तोडणी. पिकअप सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर येते.

आता अडचण. शाळेच्या छापील नमुन्यात 'कौटुंबिक स्थिती' असा दोन ओळींचा रकाना आहे. मागच्या वर्षीचा अहवाल फाइलमध्ये सापडला. त्यात त्या रकान्यात लिहिलंय: "आई निष्काळजी. वडील व्यसनी. घरी शैक्षणिक वातावरण नाही. पालकांचे समुपदेशन केले." आणि उपाययोजना: "नियमित शाळेत येण्यास सांगितले." हे वाचून मला त्या घराबद्दल काहीच कळलं नाही. बुधवारचा तर उल्लेखही नाही.

वडील सध्या घरी राहत नाहीत, एवढं आईने आपणहून सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही. शेजारच्या बाई बाहेर येऊन बरंच काही सांगत होत्या. ते लिहायचं का? घर पत्र्याचं, एका खोलीचं, हे लिहायचं का? आणि नमुन्यात भेटीचा फोटो जोडायला सांगितलाय, लोकेशनसकट. त्याचं काय करू?

पंचवटीकर
मॅडम, भावनेत जाऊ नका. नियम असा की विद्यार्थी सलग ३० दिवस आला नाही तर नाव पटावरून कमी करता येतं. तुमची तर तुटक गैरहजेरी आहे, म्हणजे अजून तरी प्रश्न नाही. पालकांना एक लेखी नोटीस द्या, पोच घ्या आणि मोकळ्या व्हा. अहवालात सगळं लिहा, उद्या कुणी विचारलं तर आपली बाजू भक्कम हवी.

जुना केंद्रप्रमुख
@पंचवटीकर, तीस दिवसांचा आकडा बरोबर, त्यावरून काढलेला अर्थ उलटा. सलग महिनाभरापेक्षा जास्त न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात, ते त्याला शोधून परत आणण्यासाठी. नाव काढण्यासाठी नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि याच कायद्याच्या २४व्या कलमात पालकांना भेटून हजेरीबद्दल सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. त्यामुळे नोटीस देऊन मोकळं होता येत नाही.

@चिंचबन, वारांप्रमाणे खुणा केल्यात तिथेच निम्मं काम झालं. मी शेकड्याने अहवाल वाचले असतील, त्यात वार पाहणारे फार थोडे. टक्केवारीवरून 'किती' कळतं, 'का' कळायला कॅलेंडर लागतं.

आता रकान्याचं. मी शिक्षकांना एकच पद्धत सांगायचो. तीन गोष्टी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत: डोळ्यांनी पाहिलं ते, त्या माणसाने स्वतः सांगितलं ते आणि आपल्याला वाटलं ते. पहिल्या दोन गोष्टी कुणी पाहिल्या, कुणी सांगितल्या ते धरून लिहायच्या. तिसरी अहवालात येऊ द्यायची नाही. 'निष्काळजी' ही तिसरी गोष्ट. 'आई बुधवारी पहाटे बाजाराला जाते, असे तिने सांगितले' ही दुसरी. शेजारणीचं बोलणं तिन्हींत बसत नाही, ते सोडून द्या.

मग प्रत्येक ओळीला विचारा: ही ओळ आराखड्यातल्या कुठल्या कामाला लागते? पत्र्याचं घर कुठल्याच कामाला लागत नाही. संध्याकाळी अभ्यासाला उजेड आहे का, बसायला जागा आहे का, हे लागतं. मग तेवढंच लिहा.

इंदिरानगरवाली
माझ्या मुलाची हजेरी दहावीत ७१ टक्के भरतेय. डेंग्यू झाला होता. सीबीएसईला ७५ लागते ना? मेडिकल सर्टिफिकेट कुणाच्या नावाने द्यायचं? शाळा नीट उत्तर देत नाही.

रविवार कारंजा
@इंदिरानगरवाली, ताई, हा धागा वेगळ्या कारणाच्या गैरहजेरीचा आहे. ७५ लागते हे खरं, पण आजारपणासाठी सूट मागता येते. अर्ज कागदपत्रांसह शाळेमार्फतच जातो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या नावाने द्या आणि डिस्चार्जचा कागद जोडा. सविस्तर हवं असेल तर नवा धागा काढा.

सुरगाण्याची
मी आता नाशिकमध्येच नर्स आहे. लहानपणी दिवाळीनंतर आईबापासोबत दिंडोरीच्या द्राक्षबागांवर यायचे. एकदा आमच्या गुरुजींनी पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर विचारलं होतं, "का गं, शाळा नको झाली का?" आई आत गेली ती बाहेरच आली नाही. त्यानंतर मी शाळेत गेले तरी मान खाली. गुरुजी माणूस चांगला होता, पण चारचौघांत विचारायला नको होतं.

तेव्हा फोटो काढूच नका, असं माझं म्हणणं. त्या बाईला 'नको' म्हणता येणार नाही. शाळेच्या बाईंना कोण नको म्हणतं?

आणि मुलीशी एकटीशी बोललात का? आई समोर असताना ती काही सांगणार नाही.

चिंचबन
@सुरगाण्याची, बोलले. भेटीच्या आधीच, मधल्या सुट्टीत. "बुधवारी बाळ माझ्याकडे असतं. बुधवारी तुम्ही गणिताचा नवा भाग घेता, मग गुरुवारी मला काहीच येत नाही." हे तिचं वाक्य. मी खरंच बुधवारी नवा भाग सुरू करते, वेळापत्रकात त्या दिवशी गणिताचा जोड तास आहे म्हणून. अपूर्णांकांची बेरीज तिची तिथेच सुटली.

जुना केंद्रप्रमुख
हे वाक्य अहवालात जसंच्या तसं घ्या, तिच्याच शब्दांत. सगळ्या अहवालात सर्वांत कामाचं वाक्य हेच आहे. एक उपाय तर त्यातच दडलाय आणि तो पूर्णपणे तुमच्या हातातला आहे: नवा भाग दुसऱ्या वारी घ्या.

फोटोचं: भेटीचा पुरावा म्हणून आईची सही किंवा अंगठा, भेटीची वेळ आणि सोबत आलेल्या सहकाऱ्याची सही पुरते. फोटो पाहिजेच म्हणाले तर घराकडे जाणाऱ्या रस्त्याचा काढा आणि तो कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तालुक्याच्या ग्रुपवर गरिबाच्या उंबऱ्याचे फोटो 'गृहभेट संपन्न' म्हणून फिरताना मी पाहिलेत.

पंचवटीकर
नावाचं मान्य, तो भाग माझा चुकला. पण वडिलांचं न लिहून कसं चालेल? एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा पैसे मिळतात. अहवालात 'वडील व्यसनी, घर सोडून गेले' असं आलं नाही तर लाभ कसा मिळणार? आणि मूल घरी राबतंय म्हणजे १०९८ ला कळवायला नको?

जुना केंद्रप्रमुख
योजना आहे, आणि या घराला ती लागू होऊ शकते. पण तो अर्ज वेगळा. तो महिला व बालविकास विभागाकडे जातो, त्याला त्यांची कागदपत्रं लागतात आणि तो करायचा की नाही हे आई ठरवणार. आईला माहिती द्या, नमुना मिळवून द्या, भरायला मदत करा. तिथे तिला जे सांगावं लागेल ते तिथे सांगेल. हजेरीचा अहवाल वर्गशिक्षकांच्या कपाटात राहतो, पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हातात जातो, शिपाईसुद्धा वाचतो. 'व्यसनी' हा शब्द त्यात गेला की मुलगी दहावीपर्यंत त्या शब्दाखाली राहते. आणि तो शब्द आला कुठून? शेजारणीकडून.

१०९८ हा मूल धोक्यात असेल तेव्हाचा नंबर. मारहाण, छळ, मुलाला कामाला जुंपणं, मूल हरवणं. तसं काही दिसलं असतं तर मी पहिला फोन करायला सांगितला असता, आणि ती नोंद या अहवालात न करता बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यायला लावली असती. इथे आई आठवड्यातून एक दिवस बाजार करते आणि बाळाला कुणीतरी लागतं.

चिंचबन
मसुदा टाकते. सुचवा.

उद्देश: विद्यार्थिनीची बुधवारची गैरहजेरी समजून घेणे व आईसोबत मिळून मार्ग काढणे.
भेट: रविवार, सायंकाळी ६. (रविवार आईने सांगितला.) उपस्थित: आई, काकू, विद्यार्थिनी, वर्गशिक्षिका, एक सहशिक्षिका.
हजेरी: जुलै ते सप्टेंबर ६८ पैकी ४४ दिवस. गैरहजेरीचे २४ दिवस: बुधवार ११, टोमॅटो तोडणीच्या काळात ९, आजारपण ४.
विद्यार्थिनीचे म्हणणे (शाळेत, स्वतंत्रपणे): "बुधवारी बाळ माझ्याकडे असतं. बुधवारी तुम्ही गणिताचा नवा भाग घेता, मग गुरुवारी मला काहीच येत नाही."
आईचे म्हणणे: बुधवारचा बाजार हे घरचे नियमित उत्पन्न आहे, तो सोडता येत नाही. मुलीने शिकावे असे वाटते. तोडणीचा निरोप मुकादमाकडून आदल्या संध्याकाळी येतो, आधी कळत नाही.
प्रत्यक्ष पाहिले: पुस्तके पिशवीत नीट ठेवलेली. मराठीची वही पूर्ण. संध्याकाळी अभ्यासाला दिवा आहे.
घरातील जबाबदाऱ्या: लहान भाऊ (दीड वर्ष). काकू दोन गल्ल्या सोडून राहतात, त्या सकाळी घरकामाला जातात, साडेअकरापर्यंत परततात.

'घरातील जबाबदाऱ्या' हा रकाना मी 'कौटुंबिक स्थिती'वर कागद चिकटवून केलाय. वडिलांबद्दल काहीही नाही. आईला सगळं वाचून दाखवलं. तिने एकच बदल करायला लावला. मी आधी 'उत्पन्नाचे एकमेव साधन' लिहिलं होतं. ती म्हणाली, "एकमेव नका लिहू, मी तोडणीला पण जाते."

आता आराखडा. काकूंनी स्वतः सुचवलं की साडेअकरानंतर बाळ त्या घेतील. म्हणजे मुलगी बुधवारी बारापर्यंत शाळेत पोहोचेल. शाळा साडेदहाला भरते, पोषण आहार तिला मिळेल, दुपारचे तास मिळतील. दिवाळीपर्यंत बुधवारी उशिरा यायची लेखी परवानगी, गणिताचा नवा भाग गुरुवारी, सुटलेल्या अपूर्णांकांसाठी शुक्रवारी शेवटच्या तासाची वीस मिनिटं. तोडणीचा निरोप आला की आईने मला मिस कॉल द्यायचा, म्हणजे त्या दिवशीचा अभ्यास मी शेजारच्या मुलीकडे देईन.

रविवार कारंजा
त्या 'एकमेव'साठी वाचून दाखवणं वसूल झालं.

जुना केंद्रप्रमुख
अहवाल चांगला. आराखड्यात दोन गोष्टी घाला. एक म्हणजे मोजायचं काय ते. 'हजेरी सुधारली' असं लिहू नका. 'येत्या चार बुधवारांपैकी तीन बुधवारी बारापर्यंत वर्गात पोहोचली', असं लिहा. महिन्याची टक्केवारी तोडणीमुळे हलते, तिच्यावरून बुधवारचा प्रश्न सुटला की नाही ते कळणार नाही. दुसरी म्हणजे पुढची तारीख, आणि त्या दिवशी कुणी कुणाशी बोलायचं तेही. उलट झालं, समजा चारपैकी एकच बुधवार भरला, तर पुन्हा आईला समजावायला जाऊ नका. आधी काकूंना विचारा, त्यांच्या कामाची वेळ बदलली का. असले आराखडे बहुधा तिथेच मोडतात.

बागवाला निफाड
मी शिक्षक नाही, माझी द्राक्षबाग आहे. बाई, तुमचा आराखडा सप्टेंबर बघून केलाय. नोव्हेंबर-डिसेंबर बघा.

ऑक्टोबर छाटण्या सुरू झाल्यात. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत फेलफूट काढायला बाया लागतात, मग डिपिंग, मग विरळणी. टोमॅटोची तोडणी दिवसाआड असते, बागेचं तसं नाही. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी एकरावर कंत्राट असतं, टोळी आली की बाग संपेपर्यंत रोज येते. तुमच्या मुलीची आई त्या टोळीत गेली तर बुधवारच काय, सलग दोन-तीन आठवडे बाळ मुलीकडेच. काकूपण तेव्हा टोळीत जाणार, कारण घरकामापेक्षा रोज बरा सुटतो.

बऱ्याच बाया लेकरू बागेत आणतात, झोळी बांधतात. मी मनाई करतो, कारण छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात ती विषारी असते आणि नंतर फवारण्या चालूच. बाई नाराज होते, पण लेकरू बागेत नको. मग ते घरी राहतं आणि मोठी बहीण शाळेत जात नाही. आता हे माझ्यामुळे होतं की काय, असं हा धागा वाचताना वाटलं. पण पेस्ट लावलेल्या बागेत लेकरू येऊ देणार नाही.

चिंचबन
@बागवाला निफाड, हे मला कुणीच सांगितलं नसतं. दिवाळीची मुदत मी सहज घातली होती, आणि नेमकी तिथूनच अडचण सुरू होते.

अंगणवाडीत विचारलं होतं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे घरी न्यायचा आहार मिळतो, बसवून घेत नाहीत. पाळणाघर आमच्या भागात नाही.

सुरगाण्याची
बाळाला घेऊनच शाळेत येऊ दे. आमच्या आश्रमशाळेच्या आधीच्या शाळेत मी भावाला मांडीवर घेऊन बसायचे. गुरुजींनी कधी हाकललं नाही. पाढे मी तसेच शिकले.

जुना केंद्रप्रमुख
वस्तीशाळेत मीही चालवून घेतलंय. पण तिथे वीस मुलं आणि एक खोली होती. शहरातल्या पंचेचाळीसच्या वर्गात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा बुटका... बाळ पडलं तर तुम्ही कुठे उभ्या राहाल? आणि मुलगी शाळेत असून शिकेल किती? तिचं लक्ष बाळाकडेच. मी तरी आराखड्यात हे लिहिणार नाही.

सुरगाण्याची
सर, तुम्ही म्हणता ते खरं. पण मी शिकले ना! घरी राहिले असते तर शून्य शिकले असते.

पंचवटीकर
मला एक कळत नाही. मुख्याध्यापक बुधवारी बाराला येणाऱ्या मुलीला लेखी परवानगी देतील? उद्या दुसरे पालक म्हणतील, आमच्याही मुलाला द्या. तुमच्याकडे हजेरी दोन वेळा होते का? मग सकाळी गैरहजर, दुपारी हजर, असंच लागणार.

चिंचबन
@पंचवटीकर, दोन वेळा होते आणि तसंच लागणार, मी ते लपवणार नाही. पूर्ण हजर लावून टक्का सजवायचा नाही, हे सरांनाही सांगितलं. परवानगीवर ते अजून राजी नाहीत. तोंडी चालेल म्हणतात, कागदावर नको. मला कागदावर हवंय, कारण मी रजेवर गेले तर बदली शिक्षक तिला दारात उभी करतील.

जुना केंद्रप्रमुख
परवानगी मागू नका, आराखडाच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा. नाव न घेता: 'सहावीतील एका विद्यार्थिनीसाठी बुधवारची मुदतबंद व्यवस्था'. इतिवृत्तात आलं की सरांवरचा भार हलका होतो. समितीत पालकच जास्त असतात, त्यातल्या निम्म्या बाया असतात. बाजार काय असतो ते त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

मुदत मात्र दिवाळी नको. नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा आणि त्या भेटीचा विषय आत्ताच लिहून ठेवा: 'बागेच्या कामाच्या काळात बाळाची व्यवस्था.' उत्तर आज नाही, हे चालेल. पण विचारायची तारीख हवी.

बागवाला निफाड
त्या भेटीआधी आईला एवढं विचारा की ती कोणत्या मुकादमाबरोबर जाते. टोळीत आठ-दहा बाया एकाच वस्तीतल्या असतात. त्यांच्यातली एक मागे राहून सगळ्यांची लेकरं सांभाळते आणि बाकीच्या तिला आपल्या रोजातून देतात, असं आमच्याकडे एका टोळीने केलं होतं. दोन हंगाम चाललं, मग पैशांवरून मोडलं. तुमच्याकडे जमेल की नाही, सांगता येत नाही.

चिंचबन
मुकादमाचं विचारते, पण तेही अहवालात लिहिणार नाही. समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. आराखड्यात आता तीनच कामं राहिली: बुधवारी बारापर्यंत शाळेत पोहोचणं, गणिताचा नवा भाग गुरुवारी, शुक्रवारची वीस मिनिटं. मिस कॉलची ओळ आईच्या सांगण्यावरून काढली. तिच्या फोनमध्ये बॅलन्स नसतो. मुलगीच आदल्या दिवशी शाळा सुटताना सांगेल म्हणाली. निरोप संध्याकाळी येतो, मग ती दुपारी कशी सांगणार, हे मला अजून सुटलेलं नाही.

रविवार कारंजा
बॅलन्स नसला तरी फोन येतो ना? मग तोडणीच्या काळात तुम्हीच संध्याकाळी सातला एक फोन करा.

चिंचबन
हे जमेल. आईला विचारून घालते.